आपल्या बहुमोल वेळेबद्दल

कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात शेवटी ‘आभारप्रदर्शन’ असं छापलेलं असतं, ते श्रोत्यांच्या सोयीसाठी. चपला शोधायला कधी उठायचं ते त्यावरून कळतं. व्यासपीठावर एखादा होतकरू कार्यकर्ता हातात चिठ्ठी घेऊन मंडपवाल्यापासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घेत असतो आणि समोर खुर्च्या सरकत असतात. मग तो म्हणतो, “प्रमुख पाहुण्यांचे आभार मानून मी त्यांना परकं करणार नाही. मी त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो.” पाहुणे तोवर गाडीत बसलेले असतात. हे वाक्य मी इतक्या सभागृहांत ऐकलंय, की महाराष्ट्रात एकूण किती ऋण थकलंय याचा हिशेब एखाद्या सहकारी बँकेने तरी काढावा.

अशा वातावरणात वाढलेल्या मुलांना हल्ली कुणीतरी सांगतं, की मुलाखत झाली की चोवीस तासांच्या आत ‘थँक यू मेल’ पाठवायचाच. मुलं गुणी, पाठवतात. आणि तो मेल उघडल्यावर वाचणाऱ्याचे पाय आपोआप चपला शोधू लागतात.

मी भोसरीच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होतो, आणि टेबलाच्या खुर्चीवाल्या बाजूला बसून पुष्कळ मुलाखती घेतल्या. खुर्ची दोन्ही बाजूंना असते, पण चाकं आमच्या बाजूच्या खुर्चीला असतात. त्यामुळे हे मेल दुसऱ्या टोकाला पोचल्यावर त्यांचं काय होतं, ते मला ठाऊक आहे.

ही पद्धत मूळची अमेरिकेतली. रिचर्ड बोल्स नावाचे एक पाद्री होते. त्यांनी १९७० साली नोकरी शोधणाऱ्यांसाठी एक पुस्तक पदरचे पैसे घालून छापलं, ‘व्हॉट कलर इज युवर पॅराशूट?’. ते पुढे लाखांनी खपलं आणि वर्षानुवर्षं त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. मुलाखतीला गेलात की नंतर आभाराची चिठ्ठी लिहा, हा त्यांचा आग्रह. तिकडे लग्नात आलेल्या प्रत्येक आहेरासाठी हाताने चिठ्ठी लिहितात, तेव्हा नोकरीसाठी लिहिणं त्यांना जड गेलं नसेल. आपल्याकडे आहेराची वहीत नोंद होते, ती परतफेडीला उपयोगी पडावी म्हणून. पुढे २०१९ मध्ये जेसिका लीबमन या अमेरिकन संपादिकेने लिहिलं, की मुलाखतीनंतर जो आभाराचा मेल पाठवत नाही त्याला मी घेतच नाही. त्यावर समाजमाध्यमांत तिच्यावर इतके लोक तुटून पडले, की त्यातल्या निम्म्यांनी तेवढ्या वेळात चार-चार मेल लिहिले असते. हा नियम भोसरीत लागू केला असता तर आमच्याकडे पहिली पाळी चालवायला फक्त वॉचमन उरला असता, कारण येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करणारा तेवढा एकच.

पण मेल येऊ लागले होते. आमच्या पॅनेलवर आम्ही तिघं. दुपारच्या जेवणात एकदा मी म्हटलं, “काल आलेल्या त्या मुलाचा मेल आला. म्हणतो, तुमच्याशी झालेला संवाद विशेष प्रेरणादायी होता.” उत्पादनवाले म्हणाले, “मलाही तेच लिहिलंय.” एचआरच्या मॅडम म्हणाल्या, “मलाही. आणि मी पूर्ण वेळ एसीचा रिमोट शोधत होते.” तिघांनी मोबाइल शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिलं. मेल अक्षरशः तोच होता, फक्त उत्पादनवाल्यांच्या आडनावाचं स्पेलिंग निराळं पडलं होतं. मुलगा वाईट नव्हता. पण त्या दिवसापासून आमच्या कँटीनमध्ये कुणी मीठ सरकवलं तरी ‘विशेष प्रेरणादायी’ म्हणायची पद्धत पडली.

दुसरी एक जात असते, तिचा पुरावा अक्षरांच्या आकारात सापडतो. ‘डिअर सर’ बारीक काळ्या अक्षरांत, मधले दोन परिच्छेद मोठ्या करड्या अक्षरांत आणि त्यांच्यामागे फिकट पट्टा, मग ‘रिगार्ड्स’ पुन्हा बारीक. म्हणजे मधला भाग दुसरीकडून उचलून आणलेला. त्या करड्या परिच्छेदात आमच्या कंपनीचं नाव असायला हवं तिथे एकदा चिंचवडच्या दुसऱ्याच एका कंपनीचं नाव होतं. ‘तुमच्या संस्थेत काम करणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे,’ असंही होतं. आम्ही तो मेल त्या कंपनीकडे वळवावा का, यावर थोडी चर्चा झाली. आमच्याकडे चर्चेला वेळ असायचा.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते भाचीमुळे. ती मेकॅनिकल इंजिनिअर. रांजणगावात एका ठिकाणी गुणवत्ता विभागातच नोकरी करते. जानेवारीत भोसरीच्या एका कंपनीत (आमच्या नव्हे) तिची मुलाखत झाली. ॲल्युमिनियमची डायकास्ट हाउसिंग बनवणारी कंपनी. मुलाखतीहून थेट ताईकडे आली, मीही तिथेच होतो. हातपाय धुऊन झाल्याबरोबर म्हणाली, “मामा, थँक यू मेल पाठवायचाय. काय लिहू?”

मराठी घरात असा प्रश्न मोठ्याने विचारायचा नसतो. दहा मिनिटांत तिथे संपादक मंडळ बसलं.

भाऊजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी वही मागवली, पेनाचं टोपण उघडलं आणि न खोडता लिहून काढलं: “महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, दिनांक अमुक रोजी आपल्या कार्यालयात संपन्न झालेल्या मुलाखतीस उपस्थित राहण्याची संधी दिल्याबद्दल अर्जदार आपली शतशः ऋणी आहे. तरी सदर प्रकरणी सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा, ही विनंती.” भाची म्हणाली, “बाबा, मी नोकरी मागतेय, धरणग्रस्तांचा मोबदला नाही.” भाऊजी म्हणाले, “याच भाषेत मी बत्तीस वर्षं पत्रं लिहिली. एकही परत आलं नाही.” उत्तर किती पत्रांना आलं ते आम्ही विचारलं नाही.

ताईचं म्हणणं, त्यांनी चहा दिला होता ना, मग त्याचा उल्लेख हवा. बिस्किटंही होती का? मग बिस्किटांचाही. धाकटा भाचा मोबाइलवरून वाचून दाखवू लागला, की तुमच्या दूरदृष्टीने मी भारावून गेलो आहे, तुमच्या गतिमान चमूचा भाग होण्यास मी उत्सुक आहे. “गतिमान चमू म्हणजे?” ताईने विचारलं. “सगळे साडेपाचला पळतात,” भाची म्हणाली.

मी तिला वेगळंच विचारलं. म्हटलं, “बाहेर पडल्यावर पार्किंगपर्यंत जाताना डोक्यात काय चाललं होतं?”

हा प्रश्न मी पुष्कळ उमेदवारांच्या वतीने मनातल्या मनात विचारलेला आहे. मुलाखत संपते खोलीत, पण उमेदवाराच्या डोक्यात ती पार्किंगपर्यंत चालू असते. ‘अरे, हे सांगायला हवं होतं’ हे तिथे सुचतं, हेल्मेट घालताना. आणि मेलमध्ये नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं लिहिलं जातं. त्यांची दूरदृष्टी, आपली चिकाटी, दोन्ही बाजूंचं उज्ज्वल भवितव्य. हेल्मेट घालताना सुचलेली गोष्ट हेल्मेटमध्येच राहते.

भाची जरा चिडूनच म्हणाली, “एका प्रश्नाचं उत्तर अर्धं दिलं मी.”

प्रश्न असा होता. हाउसिंग तयार झालं की ते गळतंय का हे तपासतात. आत दाबाने हवा भरायची, झडप बंद करायची, काही सेकंद थांबायचं आणि दाब किती उतरला ते यंत्राने मोजायचं. ठरलेल्या मर्यादेपलीकडे उतरला तर तांबडा दिवा, भाग बाद. पॅनेलवरच्या साहेबांनी विचारलं होतं, “समजा, एरवी शंभरात दोन भाग बाद होतात. पण गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी पहिल्या पाळीत पाच-सहा बाद होतात, दुपारनंतर पुन्हा दोनावर येतात. तुम्ही आधी काय बघाल?” पिंपरी-भोसरीकडे सुट्टी गुरुवारची असते, हे बाहेरच्यांसाठी सांगतो.

भाची म्हणाली होती, सुट्टीत डाय गार पडते. गार डायमध्ये सुरुवातीला ओतलेल्या भागांत पोकळ्या राहतात, म्हणून डाय पुरेशी तापेपर्यंतचे भाग बाजूला काढताहेत की नाही, ते बघेन. उत्तर बरोबर होतं, पुस्तकात असंच असतं. साहेब “हं” म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. मुलाखतीतला हा ‘हं’ फार वाईट. त्यात उत्तर चुकलेलं नसतं, पण ते आधी दहा जणांनी दिलेलं असतं.

“मग पार्किंगमध्ये काय सुचलं?”

“शुक्रवारी सकाळी तपासायला येणारे भाग शुक्रवारी ओतलेलेच नसतात, मामा. ओतून, छाटून, मशीनिंग होऊन येईपर्यंत एक-दोन दिवस जातात. ते बुधवारचे असणार. म्हणजे बुधवारी गरम डायमधून निघालेले. मग सुट्टीतल्या गार डायचा त्यांच्याशी काय संबंध?”

मी ताठ बसलो. ताईने बिस्किटांचा विषय सोडला.

“आणि बाहेर पडताना मी बघितलं, ट्रॉल्या शटरपाशी उभ्या होत्या. जानेवारीत तिथे भाग रात्रभर राहिले तर सकाळी हाताला बर्फासारखे लागत असणार. आमच्याकडे उलटं होतं. धुऊन आलेले गरम भाग लगेच तपासायचे नाहीत, असा बोर्डच लावलाय, कारण आकडे फसवतात. मग गार भागांनीही फसवायला हवेत ना? भाग गार, आत भरलेली हवा त्याच्यापेक्षा उबदार. मोजायच्या त्या काही सेकंदांत हवा थंड होते, थंड झाली की दाब उतरतो. छिद्र नसतानाही यंत्र म्हणणार, गळतंय. दुपारी शेड तापली की भाग तापतात आणि रोग आपोआप बरा होतो.”

दाब उतरण्यावरून गळती ओळखणाऱ्या यंत्राची ही जुनी खोड आहे. त्याला छिद्रही कळत नाही आणि थंडीही कळत नाही, फक्त दाब कळतो. मी विचारलं, “पण पाळीच्या सुरुवातीला मास्टर लावून बघत असतील ना?” मास्टर म्हणजे चांगला असल्याची खात्री केलेला, जपून ठेवलेला भाग. रोज सकाळी तो यंत्रावर लावतात. तो पास झाला की यंत्र बरोबर आहे असं धरून काम सुरू करतात.

“मास्टर कुठे ठेवतात?” तिने विचारलं.

“केबिनमधल्या कपाटात.” हे मी आमच्या कारखान्याचं सांगितलं. आणि माझ्याही डोक्यात दिवा लागला. मास्टर रात्रभर बंद केबिनमध्ये, बाकीचे शटरपाशी गारठ्यात. सकाळी मास्टर पास होणारच. मग सगळे म्हणणार, यंत्र बरोबर आहे, कास्टिंगवाल्यांना धरा. आणि कास्टिंगवाले म्हणणार, आमच्या बापजन्मी असं झालं नाही.

“हेच लिही,” मी म्हटलं.

“पण हे थँक यू थोडंच आहे?”

भाऊजींनाही ती शंका होती. आभाराच्या पत्रात अर्जदाराने तांत्रिक बाबी उपस्थित करणं त्यांच्या मते शिस्तीला धरून नव्हतं. पण पाहा, तो ‘समजा’ शब्द. पॅनेलवरचा माणूस ‘समजा’ म्हणून जो प्रश्न विचारतो, तो बहुतेक वेळा त्याच्याच घरचा असतो. इतकी वर्षं मीही ‘समजा’ म्हणून आमचीच दुखणी विचारली. फुकटात दहा जणांचं मत मिळतं. दर शुक्रवारी सकाळी त्या साहेबांच्या टेबलावर तांबड्या दिव्याचे भाग येऊन पडत असणार, आणि त्यांच्या दुखण्याचा विचार कुणीतरी पार्किंगमध्ये हेल्मेट हातात धरून करत राहिलं, हे त्यांना कळणं म्हणजेच आभार. ‘बहुमोल वेळ’ असं लिहायची मग गरज पडत नाही. त्यांच्या वेळेचं तुम्ही काय केलंत ते समोर दिसतंच.

मेल इंग्रजीत गेला. मराठीत सांगायचं तर असा होता:

“नमस्कार सर. कालच्या मुलाखतीबद्दल आभार. शुक्रवारी सकाळच्या बाद भागांचा तुमचा प्रश्न घरी येईपर्यंत डोक्यातून गेला नाही. मी डायच्या तापमानाचं उत्तर दिलं, पण सकाळी तपासले जाणारे भाग सुट्टीच्या आधी ओतलेले असतील तर ते उत्तर लागू पडत नाही, हे नंतर माझ्या लक्षात आलं. भाग रात्रभर शटरजवळ राहून गार पडत असतील, तर भरलेली हवा आत थंड होऊन दाब उतरेल आणि गळती नसताना गळती दिसेल. मास्टर कुठे ठेवला जातो, हे मी विचारायला हवं होतं. तो केबिनमध्ये राहत असेल तर त्याच्यावरून हे कळणार नाही. माझा अंदाज चुकीचाही असू शकतो. पडताळायचं तर सकाळी बाद झालेले भाग खुणा करून शेडमध्ये आत ठेवावे आणि तीन-चार तासांनी त्याच यंत्रावर पुन्हा लावावे. बहुतेक पास झाले तर दोष तापमानाचा. तेच भाग पुन्हा बाद झाले तर पोकळ्यांकडेच वळावं लागेल. प्रश्न चांगला होता. अशा प्रश्नांवर रोज काम करायला मला आवडेल.”

संपलं. मोबाइलच्या पडद्यावर अंगठा एकदा वर सरकवला की शेवट येतो, याच्यापेक्षा लांब नको. साहेब लोक असले मेल जिना उतरताना वाचतात. ‘माझा अंदाज चुकीचाही असू शकतो’ हे वाक्य भाऊजींना अजिबात पसंत नव्हतं. मी म्हटलं, ते राहू द्या. एकदा शटरपाशी ट्रॉली पाहून आलेल्या मुलीने कारखान्याचं दुखणं नक्की ओळखलं असं छातीठोक सांगितलं, तर वाचणारा चिडतो. पडताळायचा स्वस्त मार्ग दिला की तोच माणूस उठून पडताळायला जातो.

त्यात एक वाक्य आधी होतं, ते मी काढायला लावलं. ‘आमच्याकडे असा बोर्ड लावलाय’ हे नुसतं वाक्य एकवेळ चाललं असतं, पण तिने उत्साहाच्या भरात त्या बोर्डाचा फोटो आणि सध्याच्या कंपनीचा तपासणीचा तक्ता जोडला होता. आमच्याकडे एका उमेदवाराने असंच केलं होतं. आपलं ज्ञान दाखवायला चालू मालकाचा अख्खा कंट्रोल प्लॅन त्याने मेलला जोडून पाठवला. आम्ही तिघांनी तो अतिशय आवडीने वाचला. बरंच शिकायला मिळालं. मग त्याला घेतलं नाही. उद्या आमचाही असाच बाहेर जाणार, हे तिघांच्या एकाच वेळी लक्षात आलं होतं.

भर घालणं म्हणजे भार घालणं, असं समजणारे आणखीही असतात. एकाने ‘आपल्या कारखान्यातील सुधारणेच्या संधी’ नावाचं चाळीस स्लाइडचं सादरीकरण पाठवलं. मुलाखतीच्या दिवशी तो गेटपासून कॉन्फरन्स रूमपर्यंतच चालला होता, त्यामुळे पहिल्या नऊ स्लाइड गेटवर होत्या. वॉचमनच्या खुर्चीची दिशा चुकीची आहे, हे मात्र त्याचं बरोबर होतं. ती आम्ही फिरवली.

पाठवायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, कुणाला. साहेबांनी कार्ड दिलं नव्हतं. मी म्हटलं, मुलाखतीचं कॅलेंडरचं आमंत्रण उघड. त्यात बोलावलेल्यांची नावं आणि पत्ते बहुधा दिसतात, स्पेलिंगसकट. दुसरे दोघंही होते. त्यांनाही लिही, पण हेच नको. उत्पादनवाल्यांनी पाळ्यांबद्दल विचारलं होतं, त्यांना त्याबद्दल दोन ओळी. एचआरला एक ओळ पुरे, आणि त्यांच्याच आमंत्रणाच्या मेलला उत्तर म्हणून दे, म्हणजे कुठलं पद नि कुठली तारीख ते त्यांना शोधावं लागत नाही. त्यांच्याकडे त्या आठवड्यात अशाच चाळीस जणांचे मेल असतात आणि विषयात सगळ्यांनी ‘थँक यू’ एवढंच लिहिलेलं असतं.

पावणेबारा वाजले होते. पाठवायचा मुहूर्त सकाळचा पावणेनऊचा लावून ठेवला. रात्री एक वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी आलेला मेल किती का चांगला असेना, वाचणारा आधी वेळ बघतो आणि मग मजकुरात झोप शोधतो.

भाऊजी पूर्ण गप्प बसले नव्हते. त्यांच्या मित्राच्या मुलाची सरकारी भरतीची मुलाखत त्याच आठवड्यात होती, त्यालाही हा मजकूर थोडा फिरवून द्यावा असं त्यांच्या मनात होतं. मी हात जोडले. सरकारी भरतीच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत हमखास एक वाक्य असतं, की कोणत्याही प्रकारे वशिला लावण्याचा किंवा दबाव आणण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र ठरेल. मुलाखत मंडळाच्या सदस्याला ‘सर, तुमचा प्रश्न डोक्यातून गेला नाही’ असा मेल गेला तर तो कशात मोजायचा, हे ठरवायला एक समिती बसेल आणि तिचा अहवाल येईपर्यंत पोरगं वयोमर्यादेच्या बाहेर जाईल. तिथे नमस्कार करायचा, खुर्ची आवाज न करता मागे सारायची आणि निकालाची वाट बघायची.

खासगीतही या मेलची ताकद ताईला वाटत होती तेवढी नसते. पाठवला की नोकरी, असं तिच्या मनात बसलं होतं. आमच्याकडे मुलाखत संपल्यावर उमेदवार लिफ्टपर्यंत पोचायच्या आत आम्ही पानावर गुण टाकलेले असायचे. ज्याला नको म्हणायचं ठरलं, त्याच्यासाठी खुद्द बोल्ससाहेबांनी येऊन चिठ्ठी लिहिली असती तरी काही फरक पडला नसता. फरक पडतो तो मधल्यांना. एखाद्या रकान्यात आम्ही आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह टाकलेलं असतं. मुलगी हुशार आहे, पण खोलात जाते का? दोघं सारखेच वाटतायत, कुणाला बोलवावं? त्या प्रश्नचिन्हाला नेमकं उत्तर देणारा मेल आला तर पेन्सिल पुन्हा उचलली जाते. भाचीचं प्रश्नचिन्ह बहुधा त्या ‘हं’मध्ये होतं. पण तिला ते कळायला मार्ग नव्हता. तिला फक्त आपलं उत्तर अर्धं राहिल्याची टोचणी होती, आणि बहुतेक वेळा टोचणी नि प्रश्नचिन्ह एकाच जागी असतात.

सकाळी पावणेनऊला मेल गेला. एचआरचं उत्तर नऊ वाजून पाच मिनिटांनी आलं, ‘नोटेड’. यावर घरात दुपारपर्यंत चर्चा झाली. ताईच्या मते नोटेड चांगलं. भाऊजींच्या मते, फायलीवर ‘नोंद घेतली’ असा शेरा पडला की ती फाईल पुन्हा उघडत नाहीत. उत्पादनवाल्यांचं काहीच आलं नाही. ज्यांच्यासाठी एवढं केलं त्या साहेबांचंही नाही. शनिवार गेला, रविवार गेला. मी तिला म्हटलं, आठवण करून देणारा मेल अजून नको. त्यांनी पडताळायचं म्हटलं तरी शुक्रवार यावा लागेल.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला उत्तर आलं. आभाराला उत्तर म्हणून मी पाहिलेलं सगळ्यात रूक्ष उत्तर: “अकरा भाग बाजूला ठेवले. दुपारी आठ पास. तीन खरंच गळतात. मास्टर केबिनमध्येच असतो.” नमस्कार नाही, धन्यवाद नाही, खाली नावसुद्धा नाही. भाचीने ते स्वयंपाकघरात तिघांना वाचून दाखवलं. ताई म्हणाली, “एवढं सांगितलंस, साधं थँक यू म्हणवलं नाही त्यांना?”

सोमवारी एचआरचा फोन आला. दुसरी फेरी, प्लांट हेडबरोबर, बुधवारी. आणि नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा आहे तो कमी होईल का, ही विचारणा. नोटीस पीरियड विचारला म्हणजे गाडी बरी लागली, हे मी खुर्चीच्या अनुभवावरून सांगितलं, पण पेढे आणायला निघालेल्या ताईला थांबवलं.

बुधवारी प्लांट हेडने विचारलं म्हणे, “समजा, ट्रॉल्या ठेवायला आत जागाच नाही. मग काय कराल?” भाची पंधरा मिनिटं बोलली. बाहेर आल्यावर हेल्मेट घालताना तिला पुन्हा काहीतरी सुचलं, तसा तिने तिथूनच मला फोन केला. ती सांगत होती, मी ऐकत होतो, आणि मागून भाऊजींचा आवाज येत होता. प्लांट हेड म्हणजे वर्ग एकचे अधिकारी, त्यांना पत्र कार्यकारी अभियंत्यामार्फत जायला हवं, मसुदा मी तयार ठेवलाय, ती आली की फक्त सही करायची.